मेंढरं चरल्याने माळावरच्या प्रजाती कमी होतात की वाढतात? एसईएमचे आकडे वाचायला मदत हवी

मुक्ता_माळरान

नमस्कार मंडळी. पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यातल्या माळरानांवर माझं पीएचडीचं काम चालू आहे. मेंढ्या-शेळ्यांच्या चराईमुळे वनस्पतींच्या विविधतेवर काय होतं, हा प्रश्न आहे. आकडे हातात आहेत, पण त्यांचा अर्थ लावताना मी अडकले आहे. इथे सांख्यिकीतली आणि माळावरची, दोन्ही प्रकारची माणसं आहेत म्हणून विचारते.

१२ माळ घेतले, प्रत्येकावर ५ चौकटी, म्हणजे एकूण ६०. चौकट एक मीटर बाय एक मीटर. काम ऑक्टोबरमध्ये केलं, गवत तयार झालेलं पण अजून पिवळं पडलेलं नाही अशा वेळी. चौकटीतल्या सगळ्या प्रजाती मोजल्या. मग जमिनीलगत किती उजेड पोचतो ते गवताच्या वर आणि गवताच्या बुडाशी मीटर धरून मोजलं. शेवटी गवत कापून, वाळवून वजन घेतलं, तोच बायोमास. चराईचं माप म्हणून चौकटीभोवतीच्या वीस मीटर पट्ट्यातल्या लेंड्या मोजल्या. गुडघ्यावर बसून, पायमोज्यात कुसळं घेऊन.

लेंड्या आणि प्रजातींची संख्या यांचा सरळ सहसंबंध आला −०.१३, p = ०.३२. मार्गदर्शक म्हणाले, परिणाम नाही असं लिही आणि पुढे चल. मला ते पटत नाही. ज्या माळावर मेंढरं असतात आणि ज्यावर नसतात ते माळ डोळ्यांनाच वेगळे दिसतात. म्हणून आर मधल्या lavaan मध्ये एसईएम केलं, म्हणजे कोण कशाला कारण हे बाणांनी मांडून प्रत्येक बाणाचं वजन काढणारं मॉडेल. चराईमुळे बायोमास कमी होतो, बायोमास कमी झाला की उजेड वाढतो, उजेड वाढला की प्रजाती वाढतात, ही एक वाट धरली. शिवाय चराईपासून प्रजातींकडे एक थेट बाण काढला. प्रमाणित गुणांक असे आले: चराई ते बायोमास −०.३१, बायोमास ते उजेड −०.७०, उजेड ते प्रजाती +०.५०, आणि थेट चराई ते प्रजाती −०.२४. मॉडेलचा काय-स्क्वेअर १.४, डीएफ २, p = ०.५०.

म्हणजे उजेडाच्या वाटेने फायदा आणि थेट वाटेने तोटा, असं म्हणता येईल का?

वर्षा_डेटा

मुक्ता, तुझ्या मॉडेलचा p ०.५० आहे, म्हणजे मॉडेल सिग्निफिकंट आलेलंच नाही. आधी ते सुधार. मॉडिफिकेशन इंडायसेस काढ, सॉफ्टवेअर जे बाण सुचवेल ते घाल, आणि जे बाण सिग्निफिकंट नाहीत ते काढून टाक. आमच्या मार्केट रिसर्चमध्ये असंच करतात, दोन-तीन फेऱ्यांत फिट छान येतो.

सांख्यिक

वर्षाताई, इथे p उलटा वाचायचा असतो. काय-स्क्वेअर विचारतो की मॉडेलने सांगितलेले सहसंबंध आणि प्रत्यक्ष आकड्यांतले सहसंबंध यांत फरक किती. p मोठा म्हणजे फरक पकडता आला नाही, म्हणजे मॉडेल नाकारायला कारण मिळालं नाही. मुक्ताचं मॉडेल या चाचणीत पडलेलं नाही.

सॉफ्टवेअरने सुचवलेले बाण घालण्याबद्दल मात्र हात जोडून सांगतो, ६० चौकटींवर ते करू नका. एवढ्या छोट्या आकड्यांत योगायोगाने आलेले चढउतारही बाण मागतात. बाण माळावरून यायला हवेत. कोण कशाला कारण आहे हे आधी माहीत असावं लागतं, आणि नंतर आकडे त्याला छेद देतात का ते बघायचं. हे मॉडेल कारण सिद्ध करत नाही. तुम्ही जे कारण धरलंत ते खरं असेल तर प्रत्येक वाटेचं वजन किती, एवढंच ते सांगतं.

आता मुक्ताचा प्रश्न. वाटेवरच्या गुणांकांचा गुणाकार करायचा. −०.३१ × −०.७० × ०.५० = +०.११. त्यात थेट −०.२४ मिळवा, −०.१३ येतात. तुमचा सरळ सहसंबंधही −०.१३ च आहे. म्हणजे हिशोब जुळतो, आणि "परिणाम नाही" हे वाक्य चुकीचं ठरतं. दोन परिणाम विरुद्ध दिशेला ओढत होते म्हणून बेरीज बारीक दिसत होती.

पण इथे थांबू नका. मला एक गोष्ट खटकते. चराईने बायोमास फक्त −०.३१ ने कमी होतो? पावसाळाभर कळप चरत असेल तर मला यापेक्षा मोठा आकडा अपेक्षित होता. मेंढरं कुठे चरतात हे कोण ठरवतं? मातीची खोली मोजली होती का?

गोपाळ_सरपंचवाडी

चांगला विषय काढला. आमच्या गावात गायरानावर चराईबंदी करायचा ठराव येतोय. हिवरे बाजारला चराईबंदी करून डोंगर हिरवे झाले हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या अभ्यासात चराई ते प्रजाती थेट परिणाम उणे आलाय, म्हणजे चराईबंदी योग्य हे शास्त्राने सिद्ध झालं असं ग्रामसभेत सांगू का? तारेचं कुंपण की काटेरी झुडपांचं, हेही कुणी सांगा.

मुक्ता_माळरान

गोपाळदादा, कृपया माझे आकडे ग्रामसभेत असे वापरू नका. थेट परिणाम उणे आहे, पण उजेडाच्या वाटेचा अधिक आहे. कुंपण घातलं की दोन्ही वाटा बंद होतील, एकच नाही. तुमच्या ठरावाबद्दल मी खाली वेगळं लिहीन.

सांख्यिक सर, मातीची खोली मोजली आहे, पण मॉडेलमध्ये घातली नव्हती. लोखंडी सळई ठोकत न्यायची आणि मुरुमाला लागल्याचा टणक आवाज आला की थांबायचं, असं प्रत्येक चौकटीत तीन ठिकाणी केलं. कुठे ६ सेंटीमीटरला मुरूम लागला, कुठे ४० सेंटीमीटरपर्यंत सळई सहज गेली. खोल माती असते तिथे पवन्या आणि मारवेल कमरेला लागतात. उथळ जागी कुसळी आणि बारीक वर्षायू गवतं.

नाना_फलटणकर

मुक्ताताई, मी धनगराच्या घरातला. वडिलांनी आयुष्यभर मेंढरं राखली, मी शाळेत मास्तर झालो, आता निवृत्त आहे. सांख्यिक म्हणाले ते बरोबर विचारलंय. मेंढरू कुठे चरतं हे मेंढपाळ ठरवतो, आणि मेंढपाळ गवत बघून ठरवतो. जिथे माती आहे तिथे मारवेल आहे, आणि जिथे मारवेल आहे तिथे कळप जाणार. मुरमाड कपाळावर कुणी मेंढरं नेत नाही, निव्वळ चालायला लागतं. आमचे वाडे, म्हणजे मेंढपाळ कुटुंबांचे तांडे, दिवाळीनंतर कोकणात उतरायचे आणि पावसाच्या आधी माघारी यायचे. पावसाळाभर मेंढरं या माळावरच. त्यामुळे ऑक्टोबरात तुम्ही जे गवत कापलंत ते चार महिने चरून उरलेलं गवत आहे.

सांख्यिक

नाना, तुम्ही दोन ओळींत सांगितलंत ते माझ्या विद्यार्थ्यांना समजावताना मला सत्र लागतं. धन्यवाद.

मुक्ता, आता चित्र असं बनतं. मातीची खोली दोन गोष्टी करते. गवत वाढवते, आणि मेंढरं ओढून आणते. ती मॉडेलबाहेर ठेवलीत तर चराईने गवत कमी झालेलं लपून राहतं, कारण मेंढरं मुळातच भरघोस गवताच्या जागी गेली आहेत. खोली आत घ्या आणि पुन्हा चालवा. बूटस्ट्रॅपही लावा, म्हणजे याच आकड्यांतून पुन्हा पुन्हा नमुने उचलून मॉडेल चालवायचं, कारण गुणाकाराचं वितरण नेहमीच्या घंटेसारखं नसतं.

```r
library(lavaan)
m <- '
  charai  ~ kholi
  biomass ~ a*charai + kholi
  ujed    ~ b*biomass
  prajati ~ c*ujed + d*charai
  vaat := a*b*c
  ekun := a*b*c + d
'
fit <- sem(m, data = mal, se = "bootstrap", bootstrap = 2000)
summary(fit, standardized = TRUE)
```

चालवण्याआधी सगळी चलं प्रमाणित करून घ्या, पण लॉग आणि वर्गमूळ त्याच्याही आधी. लेंड्यांचे आकडे उजवीकडे लांब ओढलेले असणार, त्यांचा लॉग घ्या. प्रजातींची संख्या ही मोजणी आहे, पण तुमच्याकडे चौकटीत दहा-वीस प्रजाती असतील तर वर्गमूळ घेऊन काम भागेल.

अभि_हाले

मी जर्मनीत हालेजवळ राहतो, गवताळ जमिनींवरच काम करतो. मुक्ताच्या उजेडाच्या वाटेबद्दल थोडं लिहितो.

ही वाट फक्त कागदावरची नाही. २०१४ साली 'नेचर'मध्ये न्यूट्रिएंट नेटवर्कचा एक पेपर आला होता. सहा खंडांतली ४० गवताळ ठिकाणं, सगळीकडे एकच पद्धत, कुंपण आणि खत. त्यात दिसलं की प्राण्यांनी चरल्याने जिथे जमिनीवर उजेड वाढला तिथे विविधता वाढली, जिथे उजेड वाढला नाही तिथे वाढली नाही. तरीही कुणी म्हणू शकलं असतं की उजेड हा नुसता सोबती आहे, खरं कारण दुसरंच काही. त्यामुळे पुढचं पाऊल मला फार महत्त्वाचं वाटतं. इथून जवळच बाड लाउखश्टेटला प्रयोगक्षेत्र आहे. तिथे गवताच्या बुडाशी एलईडी दिवे लावून खालच्या रोपांना उजेड दिला. २०२२ मध्ये ते निष्कर्ष आले. मेंढ्या हटवल्याने होणारं विविधतेचं नुकसान दिव्यांनी बऱ्याच अंशी भरून निघालं. म्हणजे मधलाच दुवा हाताने हलवून पाहिला. एसईएममधला बाण खरा आहे का, हे तपासायचा याहून थेट मार्ग मला माहीत नाही.

पण एक सांगतो. आमच्याकडची माती काळी, खोल आणि सुपीक आहे. तिथे झाडं उजेडासाठी भांडतात. तुमच्या मुरमाड माळावर ती पाण्यासाठी भांडत असतील. ६ सेंटीमीटर मातीवर मुळात जमिनीपर्यंत ऊन पोचतंच, तिथे आणखी उजेड देऊन काय होणार? मला वाटतं उजेड ते प्रजाती हा +०.५० सगळीकडे सारखा नसणार.

मुक्ता_माळरान

चालवलं. मी दोन दिवस या आकड्यांकडे बघतेय.

खोली ते चराई +०.४०, खोली ते बायोमास +०.६०. आणि चराई ते बायोमास −०.३१ चं झालं −०.५५! बाकीचे बाण जागचे हलले नाहीत: −०.७०, +०.५०, थेट −०.२४. काय-स्क्वेअर ३.१, डीएफ ४, p = ०.५४.

आता उजेडाची वाट: −०.५५ × −०.७० × ०.५० = +०.१९. थेट −०.२४. एकूण −०.०५. पण सरळ सहसंबंध तर −०.१३ होता. उरलेले −०.०८ कुठे गेले?

आणि पहिलं मॉडेल चुकीचं होतं तर त्याचा p ०.५० कसा आला? ते पडायला नको होतं का?

सांख्यिक

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात. काय-स्क्वेअर फक्त न काढलेल्या बाणांची परीक्षा घेतो. पहिल्या मॉडेलमध्ये तुम्ही दोन बाण काढले नव्हते: चराईपासून थेट उजेडाकडे, आणि बायोमासपासून थेट प्रजातींकडे. ते दोन्ही नसण्याला आकड्यांनी छेद दिला नाही, म्हणून मॉडेल पास झालं. मातीची खोली त्या चित्रातच नव्हती, मग तिच्याबद्दल चाचणी काय बोलणार? जे चल तुम्ही आणलंच नाही त्याच्याबद्दल फिट कधीच तक्रार करणार नाही. ती तक्रार नानांसारखा माणूस करतो.

आता −०.०८. मागच्या बाजूने जाणारी एक वाट आहे. चराईपासून उलटं खोलीकडे जा, तिथून बायोमास, उजेड, प्रजाती. ०.४० × ०.६० × −०.७० × ०.५० = −०.०८. स्यूअल राइटने १९२१ साली मांडलेला हाच नियम आहे: दोन चलांमधला सहसंबंध म्हणजे त्यांना जोडणाऱ्या सगळ्या वाटांच्या गुणाकारांची बेरीज. तुमचे −०.१३ म्हणजे −०.२४, +०.१९ आणि −०.०८. पहिले दोन चराईचे. तिसऱ्यात मेंढरांचा काहीच हात नाही. खोल मातीत गवत दाट, म्हणून खाली अंधार, म्हणून प्रजाती कमी, आणि मेंढरंही गवतामागे तिथेच. तो मातीचा परिणाम मेंढरांच्या नावावर जमा होत होता.

सुलभा_कु

एक शंका. खोली ते चराई असा बाण तुम्ही काढलात. उलटा का नाही? शेकडो वर्षं मेंढरं चरली, माती सुटली, पावसाने वाहून गेली, म्हणून माती उथळ झाली. आमच्याकडे भूशास्त्रात हेच शिकवतात.

सांख्यिक

फार चांगली शंका आहे, आणि याला पूर्ण उत्तर नाही. तो बाण उलटा केलात तरी काय-स्क्वेअर तोच ३.१ राहील. दोन्ही चित्रं आकड्यांच्या दृष्टीने सारखीच, त्यामुळे एकदाच घेतलेल्या मोजणीतून दिशा ठरणार नाही. चिन्ह थोडी मदत करतं. चराईमुळे माती गेली असती तर जास्त चराईच्या जागी माती उथळ, म्हणजे गुणांक उणे हवा. इथे +०.४० आहे. म्हणजे आजच्या घडीला निवड जास्त जोरात आहे. पण त्या +०.४० च्या पोटात थोडी धूप लपलेली असू शकते. निवड खरं तर +०.५० असेल आणि धुपेने ती खाली ओढली असेल, हे मी नाकारू शकत नाही.

सुलभा_कु

म्हणजे हा हिशोब आजच्या मातीवर आजच्या मेंढरांचा. शंभर वर्षांचा नाही. हे प्रबंधात स्पष्ट लिहावं असं मला वाटतं.

कौस्तुभ_पक्षी

चराईबंदी म्हटलं की मला भरतपूर आठवतं. केवलादेवमध्ये १९८२ साली म्हशींची चराई बंद केली. नंतर पास्पालम गवत पाणथळीत इतकं माजलं की उघडं पाणी घटलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून म्हशी ते गवत आटोक्यात ठेवत होत्या हे पुढे आलं. तिथे उजेडाच्या जागी उघडं पाणी घाला, वाट तीच आहे. सड्यांवरच्या फुलांबद्दलही असंच असणार, कासला गुरं पुन्हा सोडली की फुलं परत येतील.

मुक्ता_माळरान

कौस्तुभ, भरतपूरचं उदाहरण चपखल आहे. कासबद्दल एवढ्या खात्रीने मी नाही बोलणार. जांभ्याच्या सड्यावर माती काही सेंटीमीटर असते, कुठे कुठे नुसता खडक आणि पाण्याची डबकी. तिथे कोणती वाट जोरात आहे, गवत वाढून अंधार होण्याची की पावसाळ्यात खुरांनी तुडवली जाण्याची, हे तिथेच मोजल्याशिवाय कळणार नाही. माझे गुणांक तिथे उचलून नेता येणार नाहीत.

अभि, तुझ्या शंकेवरून मी चौकटी १५ सेंटीमीटरच्या वर आणि खाली अशा दोन गटांत टाकून उजेड-प्रजातींचा आलेख काढला. खोल मातीत रेघ चांगली चढते. उथळ मातीत ठिपके नुसते पसरलेत, रेघ जवळजवळ आडवी. तू म्हणालास तसंच दिसतंय.

अभि_हाले

मग +०.१९ ही सरासरी दोन वेगळ्या जगांची आहे. खोल मातीवर मेंढरांचा फायदा त्याहून मोठा असेल. मुरुमावर फायद्याची वाटच बंद, फक्त −०.२४ उरतात. गट पाडून मॉडेल चालव ना.

सांख्यिक

थांबा. ६० चे दोन गट केले तर एकात २५-३० चौकटी राहतील आणि गुणांक सहा. असं मॉडेल चालेल, पण आकडे डोलतील. आलेख दाखवा, शब्दांत लिहा, गट पाडू नका.

त्याहून मोठी अडचण मी मागे ठेवली होती. चौकटी ६० असल्या तरी माळ १२ च आहेत. एका माळावर एकच वाडा चरतो. तिथल्या पाचही चौकटींत चराई जवळपास सारखीच असणार. मातीची खोली माळाच्या आतही बदलते, तिच्यासाठी ६० आकडे बऱ्यापैकी खरे आहेत. चराईसाठी मात्र तुमच्याकडे जेमतेम १२ आहेत. बूटस्ट्रॅप करताना चौकटी उचलू नका, पूर्ण माळ उचला. किंवा piecewiseSEM मध्ये माळ हा यादृच्छिक परिणाम म्हणून घ्या.

नाना_फलटणकर

मला आकड्यांतलं फार कळत नाही, पण लेंड्यांबद्दल बोलतो. मुक्ताताई, दुपारी ऊन चढलं की मेंढरं चरत नाहीत. बाभळीखाली नाहीतर उताराच्या वाऱ्याच्या बाजूला डोक्याला डोकं लावून बसतात. दोन-तीन तास. लेंड्या तिथे पडतात. रात्री जाळीच्या वाघरात बसतात, तिथे तर थर लागतो. म्हणून तर शेतकरी पैसे-धान्य देऊन शेतात मेंढरं बसवून घेतो. सकाळी चरायला फिरतात तिथे लेंड्या विरळ. तुम्ही लेंड्या मोजल्या ती बसायची जागा मोजली, चरायची नव्हे. शिवाय जोराच्या पावसात उतारावरच्या लेंड्या वाहून जातात, शेणकिडे नेतात ते वेगळंच. तुम्हाला दिसल्या त्या शेवटच्या तीन आठवड्यांच्या असतील.

चरलेलं ओळखायचं तर गवताचा कोंब बघा. मेंढरू पान तिरकं तोडत नाही, बुडाजवळ कुरतडल्यासारखं आडवं सपाट खुडतं. मारवेल आधी खातं, कुसळी कोवळी असेतो खातं, कुसळ आलं की तोंड लावत नाही. टाकळा आणि तरवड तर उपाशी मेलं तरी नको.

मुक्ता_माळरान

नाना, हे वाचून मी काल माझी वही उघडली. सर्वांत जास्त लेंड्या असलेल्या नऊ चौकटींपैकी सहांच्या शेऱ्यात "बाभूळ, सावली" असं माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. मला ते दिसत होतं आणि मी ते चल म्हणून धरलंच नाही.

सांख्यिक

याचे दोन भाग आहेत. लेंड्या हे चराईचं नुसतं कच्चं माप असतं तर गुणांक शून्याकडे सरकले असते, म्हणजे खरे परिणाम याहून मोठे असते. पण इथे चूक नुसती कच्ची नाही, तिला स्वतःची वाट आहे. बसायच्या जागी खत साचतं, जमीन दबते, सावली असते. तिथे प्रजाती कमी असतील तर तो परिणाम बसण्याचा, चरण्याचा नव्हे. तुमच्या थेट −०.२४ मधला मोठा वाटा कदाचित या सहा चौकटींचा आहे.

आपण "थेट" म्हणतो त्याचा खरा अर्थ एवढाच की मधलं काय ते आपण मोजलेलं नाही. तुडवणं, निवडून खाणं, खत, लोकरीत अडकून आलेलं बी, सगळं त्या एका बाणात कोंबलेलं आहे. त्यातल्या काहींचं चिन्ह अधिकही असेल.

पुढच्या मोसमात चराईला एकच माप ठेवू नका. लेंड्या, खुडलेल्या कोंबांचं प्रमाण, आणि मेंढपाळाला विचारून त्या माळावर किती दिवस चारली, ही तिन्ही मापं घ्या आणि चराई हे त्यांच्यामागचं न दिसणारं चल धरा. तिघांत लेंड्या बाजूला पडल्या तर नाना बरोबर आहेत हे आकड्यांतही दिसेल.

वर्षा_डेटा

हे आम्हीही करतो, तीन-चार प्रश्नांमागे एक सुप्त चल. p बद्दल माझं चुकलं होतं, मान्य. पण १२ माळांवर सुप्त चल बसेल का? मला शंका आहे.

सांख्यिक

१२ वर नाही बसणार, तुमची शंका बरोबर आहे. माळ वाढवावे लागतील. चौकटी कमी, माळ जास्त.

मुक्ता_माळरान

गोपाळदादा, तुमचं राहिलं होतं. हिवरे बाजारला हेतू पाणी अडवणं आणि चारा वाढवणं हा होता, आणि तिथे गवत कापून न्यायला मुभा ठेवली. कापलं की बायोमास कमी होतो आणि उजेड खाली पोचतो, म्हणजे चराईची एक वाट चालू राहते आणि तुडवणं टळतं. पण विळा मेंढरासारखा निवड करत नाही. शिवाय कापणी दिवाळीच्या सुमारास होते. तोवर पावसाळ्यात उगवलेली बारीक रोपं अंधारात गेलेली असतात. उजेड हवा असतो तो श्रावण-भाद्रपदात. गायरान सगळंच बंद करायच्या ऐवजी मुरमाड आणि खोल भाग वेगळे करून बघता येईल का, एवढं मी तुमच्या जागी विचारलं असतं. कुंपण कशाचं हे मला नाही सांगता येणार.

गोपाळ_सरपंचवाडी

ताई, गावातले चार मेंढपाळ ग्रामसभेत बोलत नाहीत, मागे उभे राहतात. त्यांना विचारून माळाचे भाग पाडू. बाकी गणित मला झेपलं नाही, पण बंदी म्हणजे दोन्ही वाटा बंद हे लक्षात आलं.

नाना_फलटणकर

अजून एक. तुम्ही प्रजाती किती ते मोजता. माझ्या लहानपणी आमच्या माळावर पवन्या होता, आज तिथे टाकळा आणि गाजर गवत आहे. मोजलं तर संख्या तेवढीच भरेल, कदाचित दोन जास्तच. पण मेंढराच्या पोटात जाईल असं काही राहिलं नाही.

मुक्ता_माळरान

नाना, चौकटीतल्या प्रत्येक प्रजातीचं आच्छादन माझ्याकडे लिहिलेलं आहे. बहुवर्षायू गवतांचा वाटा हे दुसरं उत्तर म्हणून मॉडेलमध्ये घालते. तिथे थेट बाण किती उणे येतो याची मला भीती वाटते.

पूर्ण माळ उचलून बूटस्ट्रॅप केलं. उजेडाच्या वाटेचा पट्टा ०.०४ ते ०.३७, शून्याच्या वर राहिला. थेट परिणामाचा पट्टा −०.६१ ते +०.१२, शून्य आत आलं. बाभळीच्या सहा चौकटी काढून चालवलं तर थेट गुणांक −०.२४ वरून −०.११ वर आला. मार्गदर्शकांना हे तिन्ही दाखवले. ते म्हणाले, उजेडाची वाट लिही, थेट परिणामाबद्दल वाक्य मोकळं ठेव.

येत्या पावसाळ्यात माळ १२ चे २४ करतेय, प्रत्येकावर तीनच चौकटी, आणि एका चौकटीवर जाळीचा फिरता पिंजरा, म्हणजे मेंढरांनी किती खाल्लं ते वेगळं कळेल. नाना, खुडलेला कोंब ओळखायला शिकवाल का? आषाढात तुमच्याकडे येऊ शकते.

नाना_फलटणकर

या. माझा पुतण्या अजून मेंढरं राखतो. सकाळी सहाला वाघर उघडतो, त्याच्या आधी पोचा. दुपारच्या आत जेवढं बघायचं ते बघून घ्यावं लागेल, नंतर मेंढरं बसतात.